स्टुलावर मोजलेला मायचा बीपी

ताई, नमस्कार. मी घाटंजी तालुक्यातला शेतकरी. माय 57 वर्षांची आहे. मागच्या मंगळवारी गावातल्या बायांसोबत उपकेंद्रावर तपासणीला गेली. आठ वाजता चहा घेऊन निघाली, नंबर लागला साडेअकराला. बीपी 158/96 निघाला. सिस्टर म्हणाल्या, आठ दिवसांनी परत या, तेव्हाही असाच निघाला तर डॉक्टरांना विचारून गोळी सुरू करावी लागेल. त्याच रात्री साळ्याच्या डिजिटल मशीनवर मोजला तर 136/82. माय म्हणते, "मले काही झालं नाही. लघवी लागली होती, त्यात स्टुलावर बसवलं आन् सिस्टर विचारत होती पोरीचं जमलं काय म्हणून. अशानं वाढला." मला वाटतं ती गोळी टाळायला बहाणे सांगते. खरा आकडा कोणता धरू?
– एक वाचक, यवतमाळ जिल्हा

भाऊ, माय बहाणे सांगत नाही. तिने सांगितलेली तिन्ही कारणं बीपी वाढवणारी आहेत. चौथं तिच्या लक्षात आलं नसेल, म्हणून मी विचारते. स्टूल उंच होता काय? आणि पाय जमिनीला टेकत नव्हते म्हणून तिने एका पायावर दुसरा टाकला होता काय? आपल्याकडच्या बुटक्या बाया उंच स्टुलावर बसल्या की पाय लोंबकळू नयेत म्हणून असंच करतात. उपकेंद्रांवर काढलेल्या तीस वर्षांत मी हे रोज पाहिलं.

तरी तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं, की दोन्ही आकडे सध्या बाजूला ठेवा. 158 मध्ये या गोष्टींचा भर आहे हे नक्की, पण तो किती हे वजाबाकी करून काढता येत नाही. आणि रात्रीचा 136 एकदाच घेतलेला आहे. माय तेव्हा बसली होती की बाजेवर आडवी होती, हे तुम्ही लिहिलेलं नाही. मंगळवारी तिसरा आकडा नीट घ्यायचा आहे. तो कसा घ्यायचा हे सांगण्याआधी पहिला का बिघडला ते समजून घ्या, म्हणजे तिथे कशासाठी अडून बसायचं हे तुम्हाला कळेल.

सगळ्यात आधी लघवी, कारण बायांच्या बाबतीत हीच गोष्ट सगळ्यात जास्त लपते. साडेतीन तासांत एक चहा आणि वाटेतलं पाणी पोटात गेलं. उपकेंद्रावर संडासाला कुलूप असतं नाहीतर आत पाणी नसतं, समोर रस्ता, बाजूला गावातले माणसं. बाई कोणाला विचारत नाही, पदर सावरून बसून राहते. आपली लघवीची पिशवी साधारण 400 ते 500 मिलिलिटर धरते, म्हणजे दोन-अडीच पेले. ती ताणली की तिच्या भिंतीतल्या नसा पाठीच्या कण्यातून वर निरोप धाडतात. शरीर त्याला अडचण समजतं आणि हातापायांच्या बारीक रक्तवाहिन्या आवळून धरतं. नळीचं तोंड बोटाने दाबलं की पाण्याचा जोर वाढतो ना, तसा रक्ताचा दाब वाढतो. बाईला घाम येत नाही, छाती धडधडत नाही, म्हणून तिला पत्ताच लागत नाही.

हा संबंध किती पक्का आहे, ते मणक्याला वरच्या भागात इजा झालेल्या रोग्यांमध्ये दिसतं. कमरेखालचं त्यांना काही कळत नाही, पण लघवीची नळी तुंबली की बीपी एकदम जिवावर बेतेल इतका चढतो आणि नळी मोकळी केली की उतरतो. धडधाकट माणसाच्या शरीरात या चढाला आवर घालणारी यंत्रणा शाबूत असते, म्हणून त्याच्यात तो थोडक्यात राहतो. कोरियात मध्यमवयीन बायांना निदान तीन तास लघवी रोखायला लावून मोजलं, तेव्हा वरचा आकडा सरासरी 4 ने आणि खालचा 3 ने चढलेला मिळाला. इतरत्र हाच चढ याहून बराच मोठाही मिळाला आहे. 2017 साली बीपी मोजण्यातल्या चुकांवरच्या अभ्यासांचा एकत्र आढावा निघाला, त्यात भरलेल्या पिशवीमुळे वरचा आकडा 4 पासून 33 पर्यंत वाढल्याची नोंद आहे. नर्सिंगच्या वर्गात शिकवताना "धरा 10" असं सांगतात, ते याच पट्ट्यात बसतं. एका बाईत चार, दुसरीत वीस. तुमच्या मायमध्ये किती, हे पुस्तकातून सांगता येत नाही. तिला मोकळी करून मोजलं तरच कळेल.

आता बोलणं. पोरीचं लग्न हा विषय निघाला आणि हाताला पट्टा बांधलेला होता, इतकं पुरेसं आहे. बोलायला लागलं की मिनिटाच्या आत बीपी चढतो आणि गप्प बसलं की तितक्याच लवकर उतरतो. त्याच आढाव्यात बोलण्यामुळे वरचा आकडा 4 ते 19 ने चढल्याचं आहे. विषय मनाला लागणारा असला की चढ मोठा. काही जणांना वाटतं की श्वास अडकतो म्हणून असं होत असेल, पण तेवढंच कारण नाही. अमेरिकेत 1980 च्या दशकात बहिऱ्या लोकांचा बीपी ते हातांच्या खुणांनी बोलत असताना मोजला, तर त्यांचाही चढला. म्हणजे सांगायचं काय आणि कसं, हे मन जुळवायला लागलं की दाब वर जातो, तोंड हलो वा न हलो. म्हणून मान डोलावून "हो, हो" करत ऐकणंसुद्धा मोजताना नको.

यात मी सिस्टरला दोष देत नाही, तिची अडचण मला माहीत आहे. पंचेचाळीस बाया रांगेत, प्रत्येकीचं नाव, वय, नवऱ्याचं नाव, आधी गोळ्या चालू होत्या काय, हे रजिस्टरमध्ये भरायचं असतं. हवा भरते तेवढ्यात विचारून घेतलं की वेळ वाचतो. मी स्वतः अनेक वर्षं असंच केलं. एकदा तालुक्याच्या शिबिरात एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी माझ्या शेजारी उभं राहून पाहिलं. मी एका बाईला पट्टा फुगवता फुगवता विचारलं, "पऱ्हाटी किती निघाली औंदा?" तिने सांगितलं, बोंडअळीनं सगळी खाल्ली. आकडा 164. डॉक्टर म्हणाले, पाच मिनिटं दोघींनी एक शब्द बोलू नका, मग परत लावा. परत लावला तर 148. तिचा बीपी वाढलेलाच होता, पण 164 वर जी गोळी आणि जी भीती दिली गेली असती ती 148 वर देत नाहीत. त्या दिवसापासून मी आधी रजिस्टर भरायला लागले, पट्टा नंतर.

स्टुलाची गोष्ट दोन भागांत बघा, पाठ आणि पाय.

पाठीला टेका नसला की माणूस सरळ बसायला कमरेचे आणि पाठीचे स्नायू आवळून धरतो. तसं बसलेलं आपल्याला जाणवतही नाही, पण स्नायू आवळलेले असले की त्यांतल्या रक्तवाहिन्याही दबतात आणि दाब वाढतो. इथे ध्यानात ठेवायची गोष्ट म्हणजे टेका नसल्याचा परिणाम खालच्या आकड्यावर ठळक दिसतो. जुन्या मोजमापांत तो सरासरी 6 ते 7 ने वाढलेला मिळाला. हा फरक बारीक वाटेल, पण तुमच्या मायचा खालचा आकडा 96 होता आणि हद्द 90 ची आहे. बाकी काहीच नसतं तरी नुसत्या स्टुलाने 89 चे 95 होऊ शकतात.

पायावर पाय टाकला, विशेषतः गुडघ्यावर गुडघा, की मांडी आणि पोटरीतल्या शिरा दाबल्या जातात. पायात साचणारं रक्त छातीकडे ढकललं जातं आणि हृदयाला एका ठोक्याला जास्त रक्त फेकावं लागतं. यात वरचा आकडा 3 पासून 15 पर्यंत वाढल्याचं आढळलं आहे, बहुतेकांत तो 8 च्या आत राहतो. घोट्यापाशी पाय एकमेकांत अडकवले तर फारसा फरक पडत नाही, असं गुडघा आणि घोटा वेगवेगळे मोजून पाहिलेल्यांना दिसलं. तरी मी बायांना घोट्यापाशीही अडकवू देत नाही. पाय लोंबकळत असतील तर बसणं आपोआप ताठ होतं, म्हणून पायाखाली काहीतरी हवंच. आमच्याकडे एक लाकडी पाट होता, तो हरवला तेव्हा दोन विटा ठेवल्या.

आता कुणी म्हणेल, लघवीचे 10, बोलण्याचे 10, पायाचे 5, पाठीचे 6, झाले 31, म्हणजे मायचा खरा बीपी 127. असा हिशेब करू नका, भाऊ. या चुका एकावर एक अशा बेरजेने चढत नाहीत. चारही कारणांचा निरोप शेवटी त्याच रक्तवाहिन्यांना जातो. त्या एकदा आवळल्या की पुढच्या कारणाला आवळायला कमीच उरतं. शिवाय आकडे सरासरीचे असतात, मायचे नसतात. "तुझा लघवीमुळे वाढला होता, घरी जा" असं म्हणून मी एका बाईला परत पाठवलं होतं आणि दोन वर्षांनी तिला अर्धांगवायू झाला. तेव्हा तिला मोकळी करून परत मोजायचं सोडून मी मनातच वजाबाकी केली होती. त्याचा सल अजून आहे, म्हणून हे इतकं ठासून लिहिते.

दोन बाया सांगते, एकाच दिवशी एकाच गावातल्या. पहिली 49 वर्षांची, सोयाबीन कापून थेट आली, बीपी 152/94. ती म्हणाली, सकाळपासून लघवीला गेलेच नाही. तिला शाळेच्या संडासात पाठवलं, खुर्चीवर पाठ टेकवून बसवलं, पाय विटांवर, पाच मिनिटं गप्प. मग एक मिनिटाच्या अंतराने तीन वेळा मोजला: 142/88, 136/86, 134/84. पहिला सोडून उरलेल्या दोनांची सरासरी 135/85. तिला गोळी दिली नाही, मीठ आणि लोणचं कमी करायला सांगितलं, महिन्याने बोलावलं, तेव्हाही तेवढाच निघाला. दुसरी 61 वर्षांची, तिचा पहिला आकडा 160/98. तिच्यासाठीही तेवढंच सगळं केलं. तिचे निघाले 156/96, 154/96, 152/94. ती हलली फक्त सात-आठने. तिचा बीपी खरोखरच वाढलेला होता. पुढच्या आठवड्यात परत तेवढाच निघाला आणि डॉक्टरांनी गोळी सुरू केली. पहिल्यांदा मोजताना या दोघींमध्ये फरक दिसतच नव्हता, हे पाहा.

तुमची माय यांपैकी कोणती, हे मंगळवारी कळेल. आणि एक गोष्ट तुम्ही धरलेली दिसत नाही. घरच्या मोजणीची हद्द दवाखान्यापेक्षा खाली असते. दवाखान्यात 140/90 पासून वाढलेला धरतात, घरी 135/85 पासून. घरी माणूस निवांत असतो म्हणून. तेव्हा रात्रीचा 136 हा "काही नाही" म्हणून सोडून द्यायचा आकडा नाही, तो काठावर बसलेला आहे.

मंगळवारी असं करा. मायला चहा घ्यायचा असेल तर घरून निघताना घेऊ द्या, पण नंबर येण्याआधीचा अर्धा तास चहा नको, खर्रा नको, तंबाखू-मिसरीही नको. तंबाखूने बीपी तेवढ्यापुरता चढतो, आणि आपल्या बाया मिसरीला तंबाखू समजत नाहीत म्हणून मुद्दाम लिहिते. नंबराला चार-पाच बाया उरल्या की तिला लघवीला पाठवा. तिथे सोय नसेल तर जवळच्या ओळखीच्या घरी न्या. आशाताईंना विचारा, त्यांना गावातलं कुठलं घर उघडं असतं ते माहीत असतं. ही गोष्ट पोराने बोलायची की नाही असा संकोच करू नका. तुम्हाला जड जात असेल तर बायकोला सोबत पाठवा.

आत गेल्यावर सिस्टरला सांगा, "ताई, मागच्या वेळी मायला लघवी लागली होती आणि ती बोलत होती. आज तिला पाच मिनिटं शांत बसू द्या, मग मोजा." कुठलीही चांगली सिस्टर याला नाही म्हणणार नाही. खुर्ची नसेल तर स्टूल भिंतीला टेकवून ठेवायला सांगा, मायची पाठ भिंतीला लागू द्या. पाय जमिनीवर सपाट, पुरत नसेल तर पाट, वीट, तांदळाचं पोतं, काहीही चालेल. हात टेबलावर ठेवायचा, पट्टा छातीच्या उंचीला येईल असा, आणि पट्टा उघड्या दंडावर. पोलक्याची बाही दाटून वर सरकवली की ती दंडाला आवळते, म्हणून त्या दिवशी सैल बाहीचं पोलकं घालायला सांगा. मग माय गप्प, सिस्टर गप्प, तुम्हीही गप्प. एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजायला सांगा. दोन आकड्यांत 10 पेक्षा जास्त अंतर निघालं तर तिसऱ्यांदा.

साळ्याच्या मशीनचा उपयोग मधल्या दिवसांत करून घ्या. सकाळी उठून लघवी झाल्यावर, चहा-नाश्त्याआधी, दोनदा. संध्याकाळी जेवणाआधी दोनदा. सगळं वरच्यासारखंच, आडवं पडून मोजू नका, आणि आकडे जसेच्या तसे वहीत लिहा. चांगले तेवढेच लिहायचे नाहीत. मशीन मनगटाचं असेल तर ते साळ्याला परत द्या आणि दंडाचं मिळतं का बघा. पहिल्या दिवसाचे आकडे सोडा, कारण तेव्हा माणूस मशीनला बिचकतो. उरलेल्या दिवसांची सरासरी काढा. ती वही मंगळवारी सोबत न्या, डॉक्टरांना तिच्यातून एका मोजणीपेक्षा खूप जास्त कळतं.

नीट मोजूनही दवाखान्यात 140/90 च्या वर आणि घरची सरासरी 135/85 च्या वर राहिली, तर गोळी घ्यायला मायला तयार करा. तिला म्हणा, तू सांगितलेलं सगळं बाजूला सारून मोजलं, तरी आहे. गोळी टाळणाऱ्या माणसाला हे पटतं, कारण त्याचं ऐकून घेतलेलं असतं. दवाखान्याचा वाढलेला आणि घरचा नेहमी खाली असं निघालं, तर गोळी लगेच नको असू शकते, पण दर काही महिन्यांनी मोजत राहावं लागेल. हा निर्णय डॉक्टरांचा, वही दाखवून.

एका बाबतीत मात्र मंगळवारची वाट बघू नका. आकडा 180/110 किंवा वर निघाला आणि सोबत छातीत दुखणं, दम लागणं, तोंड वाकडं होणं, बोबडं बोलणं, एका बाजूचा हातपाय लुळा पडणं किंवा अंधारी येणं यातलं काहीही असलं, तर लघवीला पाठवून पाच मिनिटं बसवणं वगैरे काही करायचं नाही, 108 ला फोन लावायचा. असं काही होत नसेल तर पाच मिनिटांनी नीट बसवून परत मोजा. तरी तेवढाच राहिला तर त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या.

आणि मायने सिस्टरला पोरीच्या लग्नाचं काय ते सांगावं, जरूर सांगावं. पट्टा सोडल्यावर.